रविवारी आलेला हप्ता, सोमवारी आलेला पगार

पहिल्या नोकरीत पगार जमा झाल्याचा मेसेज सगळे लक्ष देऊन वाचतात. महिनाअखेरीला बँकेकडून येणारी स्टेटमेंटची पीडीएफ मात्र बहुतेक जण उघडतही नाहीत. उघडली, तरी तिरक्या रेघांनी आणि आकड्यांनी भरलेल्या ओळी पाहून शेवटची शिल्लक तेवढी बघतात आणि बंद करतात. खात्यातून पैसे का गेले, याचं उत्तर त्या ओळींतच असतं. म्हणून इथे एकाच महिन्याचं स्टेटमेंट घेऊन ते ओळीने वाचू या. खाते काल्पनिक आहे आणि आकडे नमुन्यादाखल बसवलेले आहेत. तारीख, वार आणि नियम मात्र खरे आहेत.

समजा, नाशिकच्या एका कारखान्यात नुकताच नोकरीला लागलेला तरुण आहे. त्याच्या हातात दरमहा २४,६५० रुपये पडतात. दुचाकीसाठी त्याने कर्ज घेतलं आहे. त्याचा ४,२०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या १ तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. पगारही १ तारखेलाच होतो, त्यामुळे गणित जुळलं असं त्याला वाटतं. जून २०२५ मध्ये ते बिनसलं.

आधी पानाचा माथा पाहू.

```
ACCOUNT STATEMENT     01/06/2025 TO 30/06/2025
A/C NO     XXXXXXXX4417     A/C TYPE    SB-SALARY        [१]
IFSC       ABCD0001234      NOMINATION  NOT REGISTERED   [२]
CLEAR BAL  13,375.16        LIEN AMT    0.00             [३]
```

[१] या जागी खात्याचा प्रकार असतो. पगार खाते असेल तर किमान शिल्लक ठेवण्याची अट बहुधा नसते. कंपनीने पगार खाते म्हणून उघडायला सांगितलं आणि शाखेने साधं बचत खाते उघडलं, असंही होतं. तेव्हा पहिल्या स्टेटमेंटवर हा शब्द बघून घ्यावा. [२] या ठिकाणी वारसाची नोंद नसल्याचं दिसतं. ती बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेत जाऊन करता येते. [३] मधली ‘लिएन’ म्हणजे खात्यात असूनही काढता न येणारी, अडकवून ठेवलेली रक्कम. शेअर बाजारात आयपीओसाठी अर्ज केला, की तेवढे पैसे खात्यातून जात नाहीत, पण वाटप होईपर्यंत असे अडकून राहतात. शिल्लक दिसते आणि एटीएम मात्र पैसे देत नाही, अशा वेळी आधी हा चौकोन पाहावा.

आता महिन्याचा पहिला आठवडा.

```
DATE   NARRATION                                 DEBIT     CREDIT    BALANCE
01/06  OPENING BALANCE                                               3,180.00
01/06  UPI/DR/515200148823/TEA STALL             40.00               3,140.00  [१]
02/06  NEFT CR/ABCDN25153004567/XYZ PVT LTD/SAL         24,650.00   27,790.00  [२]
03/06  ACH D RTN CHG 010625 INCL GST            472.00              27,318.00  [३]
04/06  UPI/DR/515537260914/ROOM RENT JUN      6,500.00              20,818.00  [४]
06/06  ACH D/TW LOAN EMI/MNDT 00471182        4,200.00              16,618.00  [५]
```

प्रत्येक बँकेची मांडणी थोडी वेगळी असते, पण मधल्या ओळीत तीनच गोष्टी सांगितलेल्या असतात: पैसे कोणत्या वाटेने गेले किंवा आले, त्या व्यवहाराचा क्रमांक काय, आणि समोरचा कोण. [१] मध्ये वाट यूपीआय आहे. `DR` म्हणजे खात्यातून गेले, `CR` म्हणजे खात्यात आले. पुढचा बारा आकडी क्रमांक त्या व्यवहाराचा, आणि शेवटी चहाच्या टपरीची नोंद. तोच बारा आकडी क्रमांक तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्येही त्या व्यवहाराखाली दिसतो. स्टेटमेंटवर दुकानाऐवजी दुकानदाराच्या मुलाचं नाव आलं असेल, तर हा क्रमांक जुळवून पाहिला की ओळख पटते.

उजवीकडचा शिल्लकीचा रकाना साखळीसारखा वाचायचा. आधीच्या ओळीतल्या शिल्लकीतून गेलेले वजा केले किंवा आलेले मिळवले, की पुढची शिल्लक यायलाच हवी. ३,१८० मधून ४० गेले, ३,१४० राहिले. ही साखळी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तुटत नाही. म्हणून भाड्याने खोली देताना कोणी भाडेकरूचं स्टेटमेंट मागितलं आणि त्यातल्या दोन ओळींमध्ये हिशेब जुळला नाही, तर ती पीडीएफ कोणीतरी हाताने बदललेली असण्याची शंका घ्यायला जागा असते. कर्ज देणाऱ्या संस्थाही हे तपासतात.

[२] ही पगाराची ओळ. वाट एनईएफटी, आणि पुढचा सोळा अक्षरी क्रमांक म्हणजे यूटीआर. “आम्ही पगार पाठवला आहे” असं अकाउंट्सवाले म्हणत असतील आणि खात्यात काही दिसत नसेल, तर त्यांच्याकडे हाच क्रमांक मागायचा. त्यावरून बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. कंपनीचं आणि तुमचं खाते एकाच बँकेत असेल, तर एनईएफटीऐवजी `SALARY` किंवा `BULK POSTING` असं काहीतरी लिहिलेलं येईल.

ही रक्कम पगारपत्रकाशी ताडून पाहायची. आपल्या नमुन्यात एकूण पगार २६,६५० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० गेले, म्हणजे मूळ वेतन १५,००० रुपयांच्या १२ टक्के. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये गेला. उरले २४,६५०. ही कपात बँक स्टेटमेंटवर कुठेच दिसत नाही, कारण ती पैसे खात्यात येण्याआधीच झालेली असते. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जातो, त्यामुळे त्या महिन्यात पगार शंभरने कमी आला तर अकाउंट्सची चूक समजू नये.

आता [३] कडे या. ४७२ रुपये गेले आहेत. या तरुणाने त्या दिवशी काहीच खरेदी केलेली नाही. `ACH D` म्हणजे तुम्ही आधी दिलेल्या परवानगीच्या आधारे दुसऱ्या संस्थेने तुमच्या खात्यातून करायची वसुली. कर्जाचे हप्ते, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचे हप्ते बऱ्याचदा याच वाटेने जातात. `RTN` म्हणजे ती वसुली परत गेली, आणि `CHG` म्हणजे त्याबद्दलचं शुल्क. पुढे `010625` अशी तारीख आहे. शुल्क ३ जूनला कापलं, पण ते १ जूनच्या घटनेचं आहे.

१ जूनच्या ओळींत तर हप्त्याचा उल्लेखच नाही. इथेच नवखे लोक गोंधळतात. काही बँका हप्ता कापला आणि परत जमा झाला अशा दोन ओळी दाखवतात. काही बँका परत गेलेल्या हप्त्याची ओळच छापत नाहीत, फक्त शुल्काची छापतात. आपल्या नमुन्यात तसंच झालं आहे. म्हणून `RTN`, `RETURN` किंवा `BOUNCE` असा शब्द दिसला, की त्यातल्या तारखेला खात्यात काय शिल्लक होती ते मागे जाऊन बघायचं. १ जूनला ३,१८० होते, चहानंतर ३,१४०. हप्ता ४,२०० चा. पैसे कमी पडले.

पण पगारही १ तारखेला होतो ना? १ जून २०२५ ला रविवार होता. आपोआप वसुलीची ही यंत्रणा, म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळाची ‘नाच’, १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. त्याआधी बँकेच्या सुट्टीला वसुली पुढच्या कामाच्या दिवशी जायची. आता हप्ता रविवारीच खात्यावर येऊन धडकतो. एनईएफटीसुद्धा डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते, म्हणजे कंपनीला रविवारी पगार पाठवता आला असता. पण यंत्रणा चालू असली तरी अकाउंट्स विभागाला रविवारची सुट्टी असते. पगाराची फाइल मंजूर झाली सोमवारी, आणि हप्ता येऊन गेला होता आदल्या दिवशी. २०२६ मध्ये फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर या तीन महिन्यांची १ तारीख रविवारीच आहे.

४७२ म्हणजे ४०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२. शुल्क किती असावं हे बँक ठरवते, त्यामुळे तुमच्या बँकेत हा आकडा वेगळा असेल. आणि नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कर्ज देणारी संस्थाही हप्ता परत गेल्याबद्दल आपलं शुल्क लावते. ते या स्टेटमेंटवर दिसत नाही, कर्जखात्याच्या उताऱ्यात दिसतं. वर्षाअखेरीला कर्ज फिटलं असं वाटत असताना दीड-दोन हजारांची थकबाकी निघते, ती बऱ्याचदा अशी साठलेली असते. म्हणून बँक स्टेटमेंटवर `RTN` दिसलं, की त्याच दिवशी कर्जखात्याचा उताराही मागवावा.

[५] मध्ये ६ जूनला हप्ता वसूल झाला. ही संस्थेची दुसरी खेप. तोपर्यंत पगार जमा झालेला होता म्हणून ती निभावली. दुसऱ्या खेपेलाही पैसे नसते तर आणखी एकदा ४७२ गेले असते. हप्ता पाच दिवस उशिरा भरला गेला, ही नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये जाऊ शकते. शिवाय पुरेशी शिल्लक नसल्याने अशी वसुली परत जाणं हा २००७ च्या देयक आणि समझोता प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली, चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. एखाद्या चुकीच्या रविवारासाठी कोणी कोर्टात जात नाही, पण वारंवार होऊ लागलं तर नोटीस येते.

उपाय सोपा आहे. हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेच्या पाच-सहा दिवस पुढे मागून घ्यायची. बऱ्याच संस्था लेखी अर्जावर ती बदलून देतात, मात्र मधल्या दिवसांचं व्याज घेतात. ते शक्य नसेल तर एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम ठेवायची आणि ती नाहीच असं समजून चालायचं. `MNDT` पुढचा क्रमांक टिपून ठेवावा, तो तुम्ही दिलेल्या परवानगीचा आहे. कर्ज फिटल्यावरही वसुली चालू राहिली, तर ती बंद करायला हाच क्रमांक लागतो.

महिन्याचा उरलेला भाग असा आहे.

```
DATE   NARRATION                                 DEBIT     CREDIT    BALANCE
14/06  UPI/DR/516541730265/KIRANA STORE       1,260.00              15,358.00  [१]
14/06  UPI/DR/516541738890/KIRANA STORE       1,260.00              14,098.00  [२]
17/06  UPI/REV/516541730265                             1,260.00    15,358.00  [३]
21/06  ATM WDL OTHER BANK                     2,000.00              13,358.00
21/06  ATM CHG INCL GST                          27.14              13,330.86  [४]
28/06  SMS CHG APR-JUN                           17.70              13,313.16
30/06  INT.PD 01-04-25 TO 30-06-25                         62.00    13,375.16  [५]
```

किराणा दुकानात पहिल्यांदा पैसे खात्यातून गेले, पण दुकानदाराच्या यंत्रावर आवाज आला नाही. त्याने पुन्हा भरायला लावलं. दोन्ही ओळींत रक्कम तीच, नाव तेच. क्रमांक मात्र वेगळे. [३] मध्ये परत आलेल्या पैशांपुढे [१] चाच क्रमांक आहे, त्यावरून कोणता व्यवहार फसला ते कळतं. रक्कम जुळवून अंदाज करू नका, क्रमांक जुळवा. एकाच रकमेचे दोन-तीन व्यवहार असले की अंदाज हमखास चुकतो.

परतावा किती दिवसांत यायला हवा, हे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिलेलं आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे भरले आणि त्याच्यापर्यंत पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले असतील तर एकाच दिवसात. एटीएमने पैसे दिले नाहीत आणि खात्यातून कापले, तर पाच दिवसांत. याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. प्रत्यक्षात मागावी लागते, असंच ऐकायला मिळतं. त्यासाठी स्टेटमेंटवरच्या दोन तारखा आणि क्रमांक हाच पुरावा असतो.

[४] चे २७ रुपये १४ पैसे म्हणजे २३ रुपये आणि जीएसटी. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या महानगरात तीन, इतरत्र पाच. त्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये लावता येतात. नुसती शिल्लक पाहणं हासुद्धा एक व्यवहार धरला जातो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शुल्क लागलेलं दिसलं, तर त्या महिन्यातल्या एटीएमच्या ओळी मोजून पाहा. शिल्लक पाहिल्याची ओळ स्टेटमेंटवर येत नाही, त्यामुळे मोजणीत एखादा व्यवहार कमी भरू शकतो.

[५] हे बचत खात्याचं तीन महिन्यांचं व्याज. ते रोजच्या शिल्लकीवर मोजलं जातं. सरासरी दहा हजार रुपये ९१ दिवस राहिले आणि दर अडीच टक्के असला, तर साधारण ६२ रुपये होतात. ही रक्कम छोटी असली तरी उत्पन्नातच धरली जाते, आणि विवरणपत्र भरताना चारही तिमाह्यांची बेरीज दाखवावी लागते. जुन्या करपद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत कलम ८० टीटीए खाली वजावट होती, नव्या पद्धतीत ती मिळत नाही.

स्टेटमेंटच्या तळाशी सहसा एकूण जमा आणि एकूण खर्च छापलेला असतो. या महिन्याची एकूण जमा २५,९७२ रुपये येते. त्याला महिन्याची कमाई समजण्याची चूक करू नये. त्यात १,२६० रुपये परत आलेले आहेत, ते मुळात याचेच होते. पगार आणि व्याज मिळून खरी आवक २४,७१२. तसंच खर्चाच्या बेरजेत न झालेला किराणाही मोजला गेला आहे. मित्रांकडून हॉटेलच्या बिलाचे वाटे यूपीआयने येत असतील, तर हा फुगवटा आणखी वाढतो.

मे महिन्याच्या शेवटी काहींच्या खात्यात `PMSBY` पुढे २० रुपये किंवा `PMJJBY` पुढे ४३६ रुपये गेलेले दिसतात. हे केंद्र सरकारच्या अपघात आणि जीवन विमा योजनांचे वार्षिक हप्ते. खाते उघडताना फॉर्मवर खूण केलेली असते आणि ती विसरली जाते. हा विमा नको असेल तर बँकेला लेखी कळवून तो बंद करता येतो. पण बंद करण्याआधी त्याची किंमत आणि मिळणारं दोन लाखांचं संरक्षण पाहून मग ठरवा.

याहून वेगळी, जास्त फसवी ओळ अशी असते.

```
19/07  UPI-MANDATE/DR/520016284471/OTT PLAN     149.00
```

`MANDATE` हा शब्द असला, की पिन न मागता पैसे गेले आहेत आणि त्याची परवानगी कधीतरी दिलेली आहे. पहिला महिना एक रुपयात म्हणून घेतलेली योजना दुसऱ्या महिन्यात पूर्ण दराने सुरू होते. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने परवानगी रद्द होत नाही.

परवानगीच्या यादीत नाही, अ‍ॅपमध्ये व्यवहार नाही आणि घरात कोणालाही ओळख पटत नाही, अशी ओळ सापडली तर स्टेटमेंट बाजूला ठेवून आधी बँकेच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक लावा. इथे दिवसांना किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या चौकटीनुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा बोजा येतो. त्यानंतर बँकेचं धोरण लागू होतं. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. तीन दिवसांची मोजणी व्यवहाराच्या मेसेजपासून सुरू होते, महिन्याने आलेल्या पीडीएफपासून नव्हे. म्हणून महिन्यात निदान दोन-तीनदा बँकेच्या अ‍ॅपमधलं चालू स्टेटमेंट चाळावं.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तिथे स्टेटमेंटची ती ओळ, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा तक्रार क्रमांक, एवढंच लागतं.

नोकरी बदलल्यावर माथ्यावरच्या `SB-SALARY` या शब्दाकडे पुन्हा पाहायचं आहे. पगार येणं थांबलं, की बहुतेक बँका काही महिन्यांनी, अनेकदा तिसऱ्या महिन्यानंतर, ते खाते साध्या बचत खात्यात बदलतात आणि किमान शिल्लकीची अट लागू होते. मग स्टेटमेंटवर `MAB CHG` किंवा `MIN BAL CHG` अशी ओळ येऊ लागते. शिल्लक कमी पडल्याचं बँकेने ग्राहकाला आधी कळवायचं असतं आणि भरायला एक महिना द्यायचा असतो. शुल्क कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात लावायचं असतं, आणि केवळ या शुल्कापायी खाते शून्याच्या खाली नेता येत नाही. जुनं पगार खाते तसंच पडून असेल आणि त्यात उणे शिल्लक दिसत असेल, तर तो आकडा भरण्याआधी बँकेला त्याचा हिशेब लेखी मागा.